टेडी बॉईजचा कोट आणि प्रतिकाराची कल्पना

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या सॅव्हिल रोवरील शिंप्यांनी सातव्या एडवर्ड राजाच्या अमदानीतला लांब कोट उमराव घराण्यांतील तरुणांसाठी पुन्हा प्रचारात आणला. परंतु थोड्याच वर्षांत तो दक्षिण लंडनमधील एलिफंट अँड कॅसलसारख्या मजूरवस्तीतल्या पोरांच्या अंगावर दिसू लागला आणि खानदानी गिऱ्हाइकांनी त्याकडे पाठ फिरवली. या पोरांनी कोट घेतला, तो मात्र जसाच्या तसा नव्हे. मखमली कॉलर ठेवली, खाली पायांना घट्ट बसणारी विजार चढवली, पायांत जाड क्रेपच्या तळाचे बूट घातले आणि गळ्यात अमेरिकन चित्रपटांतल्या जुगाऱ्याचा दोरीवजा टाय अडकवला. यांनाच पुढे टेडी बॉईज म्हणू लागले.

वर्तमानपत्रांना या पोशाखात केवळ गुंडगिरी दिसली. तो निराळ्या दृष्टीने वाचण्याची सोय झाली ती १९७२ साली, फिल कोहेन यांच्या ईस्ट एंडविषयीच्या निबंधाने. जुन्या गल्ल्या पाडून उंच इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा नातलगांचा शेजार, कोपऱ्यावरचे दुकान आणि पब यांच्यावर उभे असलेले मजुरांचे सामाजिक जीवन विस्कळीत झाले. आईबापांच्या आयुष्यातील हा पेच पोरे आपल्या वेशभूषेतून सोडवू पाहतात, पण तो सुटतो केवळ कल्पनेच्या पातळीवर, असे त्यांचे प्रतिपादन होते. बर्मिंगहॅम विद्यापीठातील स्टुअर्ट हॉल यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा पुढे नेला. टोनी जेफरसन यांनी टेडींच्या कोटात, ज्यांना ना शिक्षण ना बढतीची आशा, अशांनी दर्जा विकत घेण्याचा केलेला प्रयत्न पाहिला.

मला हे विवेचन पटते. कारण घर, नोकरी, शाळा यांपैकी कशावरच ज्याचा अंमल चालत नाही, त्याचा निदान स्वतःच्या कॉलरवर तरी चालतो. मात्र प्रतिकाराला प्रतीक लाभले म्हणजे त्याला योग्य दिशाही लाभली, असे नाही. १९५८ च्या उन्हाळ्याअखेरीस नॉटिंग हिलमध्ये वेस्ट इंडीजहून आलेल्या रहिवाशांवर जमावांनी हल्ले केले, त्यांत टेडी होते. घरमालक, कारखानदार आणि नगररचनाकार दूरच राहिले, आणि ज्याची अवस्था आपल्याहून बिकट, त्या शेजाऱ्यावर राग निघाला. ज्यांची मिरासदारी होती त्यांचा वेश अंगावर घेणाऱ्यांना त्या मिरासदारीला हात घालता आला नाही.

अँजेला मॅकरॉबी आणि जेनी गार्बर यांचा आक्षेप याहून मूलगामी होता. संशोधकांचे लक्ष रस्त्यावरच्या मुलांवर खिळले होते. त्याच वस्तीतल्या मुली घरकामात आईला हातभार लावीत, त्यांच्यावर पालकांची नजर कडक असे, आणि मैत्रिणींसह खोलीत बसून त्या ज्या तबकड्या ऐकत, त्या कोणी हिशेबात धरल्याच नव्हत्या. प्रतिकाराची खूण चव्हाट्यावरच शोधायची ठरवली, की चव्हाट्यावर येण्याची मुभा ज्यांना आहे तेच बंडखोर ठरतात, हा दोष त्या पोरांच्या कोटाचा नसून, तो वाचणाऱ्यांचा होता.