दोन भाषांतली एकच विनंती

मराठी लग्नपत्रिका हे मुळात पत्र आहे. ती छापील असली, सोनेरी कडांची असली, तरी तिची घडण पत्राचीच राहिली आहे. माथ्यावर गणपती आणि कुलदैवत, मग ‘स. न. वि. वि.’, मग ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी बातमी, ‘तरी’ म्हणून केलेली विनंती आणि तळाशी ‘आपले नम्र’ म्हणून यजमानांची नावे. मोडीतल्या जुन्या पत्रव्यवहारात मायन्यावरून लिहिणाऱ्याचे आणि वाचणाऱ्याचे नाते कळत असे. कोणाला नमस्कार, कोणाला आशीर्वाद, कोणाला साष्टांग दंडवत, हे ठरलेले होते. लग्नपत्रिका त्या शिस्तीचा आजही चालू असलेला अवशेष आहे.

इंग्रजी औपचारिक निमंत्रण पत्र नाही. त्यात संबोधन नाही, सही नाही, ‘आम्ही’ नाही. यजमानांची नावे सर्वांत वर येतात आणि तीच वाक्याचा कर्ता होतात: ‘मिस्टर अँड मिसेस अमुक रिक्वेस्ट द प्लेझर ऑफ युवर कंपनी’. पुढचा सगळा मजकूर हे एकच वाक्य. मधे पूर्णविराम न घेता, ओळी पाडून, मध्यभागी मांडलेले. मराठी यजमान तळाशी उभा राहून हात जोडतो, इंग्रजी यजमान दारात उभा राहून नाव सांगतो. दोघांचाही आदर खरा, पण तो व्यक्त होण्याच्या जागा निराळ्या. मराठीत तो नम्रतेच्या शब्दांत आणि ‘यावे’, ‘द्यावेत’ अशा क्रियापदांत असतो. इंग्रजीत तो अंतर राखण्यात आणि कमी बोलण्यात असतो. म्हणून एका भाषेतली पत्रिका ओळीमागून ओळ दुसरीत नेली की बहुधा दोन्हींचा तोल जातो.

एक उदाहरण घेऊ. वधू सांगलीची. वडील हयात नाहीत, आई यजमान आहे. दोन बहिणींत ही मोठी. वराकडची मंडळी कोईमतूरची, त्यांना मराठी येत नाही. लग्न फेब्रुवारी २०२६ मध्ये, मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा.

मराठी मजकूर असा होईल: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून आमची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. अमुक (कै. अमुक यांची कन्या) हिचा शुभविवाह चि. अमुक यांच्याशी करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून वधूवरांस शुभाशीर्वाद द्यावेत, ही विनंती.’ तळाशी ‘आपली नम्र’ आणि श्रीमती म्हणून आईचे नाव.

इंग्रजीत आईचे नाव वर जाईल. यजमान एकटी असल्यामुळे क्रियापद ‘रिक्वेस्ट’ नव्हे, ‘रिक्वेस्ट्स’. छापखान्यातला तयार नमुना पती-पत्नींच्या जोडीसाठी असतो, त्यामुळे ही चूक प्रुफात सर्रास राहून जाते. पुढे ‘हर एल्डर डॉटर’: बहिणी दोनच असल्याने ‘एल्डर’, तीन असत्या तर ‘एल्डेस्ट’. मराठीतल्या ‘ज्येष्ठ’ला ही मोजणी करावी लागत नाही, इंग्रजीला करावी लागते. वडिलांचे नाव मुलीच्या नावाखाली, ‘डॉटर ऑफ द लेट’ असे. दिवंगत व्यक्ती दोन्ही भाषांत ओळखीच्या जागी येते, निमंत्रण देणाऱ्याच्या जागी येत नाही. त्यामुळे ‘मिसेस अँड लेट मिस्टर अमुक रिक्वेस्ट’ अशी ओळ दिसली, तर ती बदलायलाच हवी.

‘चि.’ आणि ‘चि. सौ. कां.’ इंग्रजीत नेऊ नयेत. हे वडीलधाऱ्यांनी दिलेले आशीर्वाद आहेत. कोईमतूरच्या वाचकाला ती अनोळखी आद्याक्षरे वाटतील. पण ती काढल्यावर वराला ‘मिस्टर’ लावायचे आणि वधूचे नुसते नाव ठेवायचे, ही जुनी इंग्रजी रीतही इथे शोभत नाही, कारण मराठी पत्रिकेत दोघांच्या नावाला मान आहे. दोघांचीही नावे उपाधीविना द्यावीत, म्हणजे दोन्ही पाने समान राहतात. ‘योजिले आहे’ याचाही शब्दशः अनुवाद नको. मराठीत त्यामागे ‘श्रीकृपेकरून’ उभे आहे, म्हणून ते नम्र वाटते. इंग्रजीत ते एखाद्या बेतासारखे वाटेल. कुलदैवताचे नाव मात्र दोन्ही पानांच्या माथ्यावर तेच ठेवावे. ‘शुभाशीर्वाद’ हा मराठी विनंतीचा गाभा आहे. त्यासाठी इंग्रजीत ‘टू ब्लेस द कपल’ एवढे पुरते. ‘ऑस्पिशस’, ‘ग्रेशस’ अशी विशेषणे लावत गेले की इंग्रजी मजकूर जड होतो आणि मराठीची शालीनता त्यात उतरत नाही.

सर्वांत नेहमीचा दोष सर्वनामांचा. वर ‘मिसेस अमुक रिक्वेस्ट्स’ आणि खाली ‘अवर डॉटर’, म्हणजे एकाच वाक्यात तिऱ्हाईत आणि आपण. इंग्रजीवरून मराठी केले की उलट घडते: ‘श्रीमती अमुक आपल्या कन्येच्या विवाहास आपणास निमंत्रित करतात’. यात कन्या कोणाची, यजमानांची की पाहुण्यांची? कच्च्या प्रतीवरची सगळी सर्वनामे पेन्सिलीने घेरावीत. मराठीत ती ‘आमचे’ आणि ‘आपण’ या जोडीतली, इंग्रजीत यजमानांसाठी ‘हर’ आणि पाहुण्यांसाठी ‘युवर’ एवढीच हवीत.

सूर जुळला, तरी माहितीही जुळावी लागते. मराठी पानावर शके द्यायचे, तर फेब्रुवारी २०२६ मध्ये ते १९४७ आहे; शके १९४८ गुढीपाडव्याला, १९ मार्चला सुरू होते. इसवी सनातून सरसकट ७८ वजा करणारा इथे एका वर्षाने चुकेल, कारण जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ वजा करावे लागतात. १२ वाजून ३७ मिनिटे म्हणजे मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होण्याचा क्षण; मराठी पाहुण्याला हे ठाऊक असते आणि तो आधी येतो. कोईमतूरचा पाहुणा ती कार्यक्रम सुरू होण्याची वेळ समजेल आणि अक्षता पडताना दारात असेल. म्हणून इंग्रजीत मुहूर्ताखाली बारा वाजेपर्यंत स्थानापन्न व्हावे, अशी ओळ हवी. ‘सहकुटुंब’ही तसेच. औपचारिक इंग्रजीत पाकिटावर ज्यांची नावे, त्यांनाच निमंत्रण. ‘विथ फॅमिली’ छापले नाही, तर मुलाबाळांना घरी ठेवून यावे लागेल असे पाहुण्याला वाटेल. याउलट ‘आर.एस.व्ही.पी.’ फक्त इंग्रजी पानावर असेल, तर अर्ध्याच पाहुण्यांकडे उत्तर मागितल्यासारखे होते. मराठीत ‘आपल्या येण्याची आगाऊ सूचना मिळाल्यास सोय करणे सुलभ होईल’ असे लिहावे. आहेर आणू नये, ही सूचनाही दोन्हीकडे असावी किंवा कुठेच नसावी.

छापण्याआधीची तपासणी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून होत नाही. तसे केले की डोळा शब्दाला शब्द शोधू लागतो. मराठी पान फक्त मराठी वाचणाऱ्याला द्यावे, इंग्रजी पान फक्त इंग्रजी वाचणाऱ्याला, आणि दोघांना तेच विचारावे: कोण बोलावते आहे, कोणाचे लग्न आहे, किती वाजता पोहोचायचे, कोणाकोणाला घेऊन जायचे, आणि आग्रह मनापासूनचा वाटला का? उत्तरे एक आली, की शब्द कितीही वेगळे असोत, पत्रिका जुळली असे समजावे. दोन पाहुण्यांना सारखाच मान देणे हे यजमानाचे काम आहे, आणि द्विभाषिक पत्रिकेत ते काम प्रत्येक भाषेला तिच्या रीतीने बोलू दिल्यानेच पार पडते.