तलाकाच्या कलमांमधील नमाज

कुराणाचे मराठी भाषांतर निष्ठेने वाचणाऱ्या एका व्यासंगी स्नेह्यांनी मध्यंतरी बोलण्याच्या ओघात एक अभिप्राय दिला. दुसऱ्या सूरेत, म्हणजे ‘अल्-बकरा’मध्ये, तलाकाचे नियम कलमामागून कलम असे चालले असता एकाएकी दोन आयती नमाजाविषयी येतात, आणि त्या संपताच विधवा व घटस्फोटिता यांच्या निर्वाहाचा विषय पुन्हा सुरू होतो, हे पाहून ते म्हणाले की, कोणा लेखनिकाच्या हातून येथे एखादे पान इकडचे तिकडे झाले असावे. त्यांच्या बोलण्यात अनादराचा लेशही नव्हता. तरीही ते वाक्य माझ्या मनात सलत राहिले, कारण ज्या जागेवर त्यांनी बोट ठेवले होते ती जागा भाष्यकारांच्या नजरेतून निसटलेली नाही. उलट अशाच जागांवर विचार करता करता त्यांच्यामध्ये एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे.

कुराण सुमारे तेवीस वर्षांत, निरनिराळ्या प्रसंगांनी, थोडे थोडे अवतरले आणि आजचा पाठक्रम हा अवतरणक्रम नव्हे, ही गोष्ट वाचकांस ठाऊकच आहे. अवतरणाचा क्रम सोडून हा दुसरा क्रम ठेवण्यात काही हेतू असला पाहिजे, आणि एका आयतीशेजारी दुसरी का, एका सूरेनंतर दुसरी का, याचा शोध घेता आला पाहिजे, असे मानणारे शास्त्र ते ‘मुनासबा’. आपल्याकडे मीमांसक व वेदान्ती प्रत्येक अधिकरणाच्या आरंभी त्याची पूर्वाधिकरणाशी संगती दाखवितात, तिच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. चौदाव्या शतकातील अझ्-झर्कशी याने नोंदविले आहे की, बगदादेत हा प्रश्न प्रथम उघडपणे विचारला तो अबू बक्र अन्-निसाबुरी (मृत्यू ९३६) याने. कोणी आयत वाचून दाखविली की ती येथेच का ठेवली असे तो विचारी, आणि बगदादच्या उलेमांना हे ज्ञान नाही म्हणून त्यांना दोष देई. पुढे फख्रुद्दीन अर्-राझी (मृत्यू १२१०) याने आपल्या विशाल भाष्यात हा प्रश्न पदोपदी विचारला, आणि पंधराव्या शतकात अल्-बिकाई याने त्यासाठी संपूर्ण कुराणावर एक बहुखंडी भाष्यच रचले.

आता ती जागाच पाहू. २२६व्या आयतीपासून पत्नीपासून दूर राहण्याची शपथ, तलाक, इद्दत, अर्भकाचे स्तन्यपान, विधवेची चार महिने दहा दिवसांची मुदत, असे नियम येत जातात. २३६ आणि २३७ या आयतींत प्रश्न असा आहे की, सहवासापूर्वीच तलाक झाला तर मेहेराचे काय करावे. मेहेर ठरला असेल तर निम्मा द्यावा, असा स्पष्ट निवाडा आहे. परंतु आयत तेथे थांबत नाही. स्त्रीने आपला वाटा सोडून द्यावा, किंवा विवाहाची गाठ ज्याच्या हाती आहे त्याने आपला हक्क सोडावा, अशी मुभा ठेवून ती सांगते की, सोडून देणे हे धर्मशीलतेच्या अधिक निकट आहे आणि परस्परांतील औदार्य विसरू नये. लगेच २३८वी आयत नमाजांचे, विशेषतः मधल्या नमाजाचे, रक्षण करण्यास व ईश्वरापुढे नम्र होऊन उभे राहण्यास सांगते. २३९वी म्हणते की, भय असेल तर चालत किंवा वाहनावर बसून नमाज अदा करावा आणि भय सरल्यावर शिकविल्याप्रमाणे ईश्वराचे स्मरण करावे. २४० ते २४२ मध्ये विधवांचा वर्षभराचा निर्वाह आणि घटस्फोटितांना द्यावयाची तरतूद हे विषय पुन्हा येतात.

राझी या ठिकाणी तीन कारणे देतो. नमाजातील उभे राहणे, वाकणे आणि नतमस्तक होणे यांनी अंतःकरणाचा ताठा मोडतो व आज्ञापालन सुकर होते, हे पहिले. नमाज ईश्वराच्या प्रभुत्वाचे आणि न्यायाचे स्मरण देतो, म्हणून अवघड नियम पाळण्याचे बळ त्यातून येते, हे दुसरे. विवाह व तलाक हे इहलोकीचे व्यवहार झाले, म्हणून त्यांच्यामागून परलोकाशी निगडित असा नमाज सांगितला, हे तिसरे.

या तिहींची किंमत माझ्या मते सारखी नाही, आणि या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भेद येथेच करावा लागतो. काही संगती अशा असतात की त्या कोठेही चालतात, आणि काही अशा असतात की त्या केवळ त्याच जागी खऱ्या ठरतात. तिसरे कारण पहिल्या जातीचे आहे. व्यापार, कर्ज, वारसा, साक्ष, यांपैकी कोणत्याही व्यवहारामागून नमाज आला असता तरी ते तितकेच लागू पडले असते. ज्या उत्तराला कोणतीही जागा चालते ते या जागेचे उत्तर होत नाही. दुसरे कारण मात्र २३७व्या आयतीच्या अखेरीशी जोडून पाहिले की निराळेच तेज धरते. निम्मा मेहेर काझी वसूल करून देऊ शकतो. उरलेला निम्मा आपण होऊन देण्याची, किंवा हक्काचा निम्मा आपण होऊन सोडण्याची बुद्धी कोणताही काझी फर्मावू शकत नाही. विस्कटणाऱ्या नात्यात, मन कडू झालेले असताना, औदार्य दाखवावे अशी अपेक्षा जेथे व्यक्त होते तेथे कायद्याचा हात संपतो. आणि नेमक्या त्याच बिंदूवर नमाजाची आज्ञा येते. तिच्यामागून येणारी भयप्रसंगाची सवलतही मग आगंतुक वाटत नाही. शत्रू समोर असतानाही नमाजाचे स्वरूप बदलते, कर्तव्य सुटत नाही. त्याचप्रमाणे घर मोडत असतानाही सौजन्याचे कर्तव्य सुटत नाही, असा अर्थ मला त्या शेजारातून निघताना दिसतो.

या सर्व प्रयत्नाला ज्याने कडाडून विरोध केला त्या यमनच्या अश्-शौकानीचे (मृत्यू १८३४) म्हणणे टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो दीर्घकाळ यमनचा मुख्य काझी होता, आणि पुरावा व अनुमान यांतील अंतर त्याला चांगले कळत होते. आदमची कथा संपून बनी इस्राईलला उद्देशून वचने सुरू होतात तेथे, आपल्या भाष्यात, तो बिकाईसारख्यांचा समाचार घेतो. भिन्न प्रसंगी, कधी परस्परविरुद्ध परिस्थितीत अवतरलेल्या वचनांत ओढूनताणून धागा शोधणे हा व्यर्थ खटाटोप आहे, असे तो म्हणतो. कोणा कवीने वेगवेगळ्या वेळी रचलेली स्तुती, निंदा व शोककाव्ये एकत्र करून त्यांत कोणी संगती लावू लागला तर लोक त्याला काय म्हणतील, असे विचारतो. आणि संगती हेच श्रेष्ठत्वाचे गमक ठरविले तर ती जेथे सापडणार नाही तेथे दुबळ्या श्रद्धेच्या मनात संशयाचे दार उघडेल, असा इशारा देतो.

यातले दुसरे म्हणणे मला मुळीच पटत नाही. कवीच्या रचना मागाहून कोणी त्रयस्थ गोळा करतो. कुराणाच्या बाबतीत, सूरेच्या आतील आयतींचा क्रम पैगंबरांच्याच सूचनेने ठरला, हे मुस्लिम विद्वानांचे सर्वसाधारण एकमत आहे आणि ते शौकानीलाही अपरिचित नव्हते. प्रसंगानुसार अवतरण आणि हेतुपूर्वक मांडणी या दोन गोष्टी परस्परांना छेद देत नाहीत, हे उत्तर त्याच्या पुष्कळ आधी देऊन झाले होते. आपल्या उदाहरणातच याचा एक विलक्षण दाखला आहे. विधवेच्या वर्षभराच्या निर्वाहाची २४०वी आयत बहुसंख्य विद्वानांच्या मते २३४व्या आयतीतील चार महिने दहा दिवसांच्या नियमाने रद्द झाली. म्हणजे रद्द करणारी आयत पाठात आधी आणि रद्द झालेली नंतर आहे. बुखारीच्या संग्रहात नोंद आहे की, इब्न अझ्-झुबैर यांनी खलिफा उस्मान यांना विचारले, ही रद्द झाली असताना आपण ती का लिहून ठेवता? उस्मान यांनी उत्तर दिले की, आपण यातले काहीही त्याच्या जागेवरून हलविणार नाही. जे दप्तर इतक्या कसोशीने जागा सांभाळते त्यात पाने सहज इकडची तिकडे झाली असतील, असे मानणे कठीण आहे.

परंतु हा दाखला लिहिता लिहिताच मला जाणवते की, त्याने जितके सिद्ध होते तितकेच मी म्हटले पाहिजे. त्याने जागेची निष्ठा सिद्ध होते. जागेचा अर्थ सिद्ध होत नाही. शिवाय, नमाजाच्या आयती त्या नियमांचा कळस असतील, तर त्यांच्यानंतर नियम पुन्हा का सुरू होतात, याचे समाधान माझ्या वरील संगतीतून मिळत नाही. हमीदुद्दीन फराही (१८६३–१९३०) यांच्या आझमगढी परंपरेतील अमीन अहसन इस्लाही यांनी यावर दिलेले उत्तर असे की, नियमांचे प्रकरण नमाजावरच पूर्ण होते, आणि पुढच्या तीन आयती आधीच्या नियमांचा मागाहून अवतरलेला खुलासा म्हणून तेथे जोडल्या आहेत. हे उत्तर मला सयुक्तिक वाटते. पण ते स्वीकारताच अवतरणाचा इतिहास, जो संगतीचा शत्रू म्हणून शौकानीने पुढे केला होता, तोच संगतीच्या मदतीस बोलवावा लागतो.

सूरासूरांतील संबंधाचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. आयतींच्या क्रमाविषयी जे एकमत आहे ते सूरांच्या क्रमाविषयी नाही. तो पैगंबरांच्या सहकाऱ्यांनी विचाराने ठरविला, असे म्हणणारे मोठे विद्वान आहेत. पहिल्या सूरेत सन्मार्गाची याचना आणि दुसरीच्या आरंभी हा ग्रंथ मार्गदर्शक असल्याची ग्वाही, ही जोडणी मनोहर आहे. परंतु एकशेचौदा सूरांमध्ये सर्वत्र अशीच जोडणी सापडेल असा आग्रह धरण्यास आधार उरत नाही. येथे आपल्या माहीमच्या मखदूम अली महाइमी (मृत्यू १४३१) यांची आठवण करणे मला आवश्यक वाटते. कोकणच्या या नवाइत विद्वानाने अरबीत लिहिलेले कुराणभाष्य आयतींतील संबंध उलगडण्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि त्यातील एक विशेष असा की, सूरेच्या आरंभी येणारे ‘बिस्मिल्लाह’ ते त्या त्या सूरेच्या आशयानुसार नव्याने विशद करतात. शब्द तेच असतात. पण ईश्वराच्या नावांचा व दयेचा विशेष ते पुढे येणाऱ्या विषयातून काढून दाखवितात. त्यामुळे त्या त्या सूरेचा आरंभ तिच्याच अंतरंगाशी बांधला जातो, आणि ज्या क्रमावर एकमत नाही त्यावर कोणताही भार पडत नाही. हा मार्ग मला फार समंजस वाटतो.

लिहावयास बसलो तेव्हा कुराणात एकही आयत निराधार ठेवलेली नाही, हे दाखवावे अशी माझी इच्छा होती. आता मी इतकेच म्हणेन की, सूरेच्या आतील प्रत्येक शेजाराविषयी ‘येथेच का’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार भाष्यकाराला आहे आणि तो त्याने बजावलाच पाहिजे. परंतु दर वेळी उत्तर मिळालेच पाहिजे असे बंधन त्याने स्वतःवर घालून घेऊ नये. मिळालेले उत्तर दुसऱ्या कोणत्याही जागी तितकेच बसत असेल तर ते सोडून द्यावे, आणि ज्यामुळे शेजारच्या आयतीतील एखादे दुर्लक्षित वचन बोलू लागते ते ठेवावे. शौकानीचा इशारा मी येथे मान्य करतो. त्याचा निर्णय मात्र नाही, कारण तो मान्य केला असता तर मेहेराच्या हिशेबातील औदार्याची ती अपेक्षा मी एक गोड उपदेश समजून ओलांडून गेलो असतो.