सहीसाठी थांबलेली शाखा

चि. ताईस,


तुझं पत्र आणि सोबतची आठवड्याची नोंद, दोन्ही वाचलं. व्यवस्थापक म्हणून तुझी ही पहिलीच शाखा आणि तिथे दोन तट पडलेत. एका बाजूला निवृत्तीला दीड वर्ष उरलेले तुझे अधिकारी आणि त्यांच्याच वयाचे हेड कॅशिअर, दुसऱ्या बाजूला परीक्षा देऊन आलेली पंचविशीतली तीन मुलं. जुने म्हणतात, मुलांना धाक नाही, साडेपाचला बॅग उचलतात, काही सांगितलं की ‘का?’ विचारतात. मुलं म्हणतात, साहेबांना सिस्टीम जमत नाही आणि त्यांच्यापायी आम्हाला रात्री आठ वाजतात. सगळ्यांना एकत्र बसवून समजूत काढायचा तुझा विचार आहे. ती बैठक एवढ्यात घेऊ नकोस. तिथे माणसं एकमेकांच्या स्वभावावर बोलतील, आणि स्वभाव काही बैठकीने बदलत नाही. आधी तुझ्याच नोंदीकडे नीट बघ.

सोमवार घे. चारला काउंटर बंद झालं. ४:३५ ला कॅश जुळली, ५:१० ला दोन किल्ल्यांनी तिजोरी बंद झाली. इथवर कुणाचं कुणाशी काही बिनसलेलं नाही. पण त्या वेळी सिस्टीममध्ये ३१ नोंदी ऑथोराइझ व्हायच्या राहिल्या होत्या. काउंटरवर माणूस उभा असतो, म्हणून रोखीचे मोठे व्यवहार तिथल्या तिथे मंजूर होतात. राहिल्या होत्या त्या मुदत ठेवींच्या नूतनीकरणाच्या, पत्त्यातल्या दुरुस्त्यांच्या, एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेल्या रकमांच्या. मुलांनी त्या अकरा ते तीनच्या दरम्यानच टाकल्या होत्या. साहेब पावणेपाचला बसले. प्रत्येक नोंदीचं व्हाउचर मागवलं, नमुना सही पडताळली आणि ६:२० ला मोकळे झाले. तोवर दिवस बंद करता येत नव्हता, म्हणून तिन्ही मुलं मोबाइल बघत बसली. पुढे ७:४० पर्यंतचा वेळ विभागीय कार्यालयाने ऐनवेळी मागितलेल्या आकड्यांत गेला.

मुलांच्या तक्रारीत एक गोष्ट खरी आहे: ती दीड तास बसली ती स्वतःच्या कामासाठी नव्हे. पण साहेबांनी केलं ते चूक नव्हतं. व्हाउचर न पाहता नोंद मंजूर करायची नाही, हा नियमच आहे. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने कागद बघून ती मंजूर करायची, यावर बँकेचा सगळा विश्वास उभा आहे. घोटाळा आहे तो व्हाउचरांच्या प्रवासात. नोंद सकाळी होते, व्हाउचर मात्र मुलाच्या ट्रेमध्ये पडून राहतं आणि संध्याकाळी गठ्ठ्याने साहेबांच्या टेबलावर जातं.

म्हणून पहिली गोष्ट एवढीच कर. मंजुरीच्या तीन वेळा ठरव: बारा, अडीच आणि चार. त्या त्या वेळी मुलाने आपली व्हाउचरं स्वतः साहेबांच्या टेबलावर न्यायची आणि साहेबांनी हातातलं काम बाजूला ठेवून ती संपवायची. एका फेरीला दहाबारा व्हाउचरं येतील. अडलेल्या व्हाउचरची शंका तिथेच सुटेल, कारण नोंद करणारा समोर उभा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्याच माणसाकडून व्हाउचरं आणि सिस्टीमचा अहवाल ताडून घ्यायची पद्धत आहे, ती तुझ्याकडे काटेकोरपणे चालते का तेही बघ. ती नीट चालली की संध्याकाळच्या तपासणीवरचा ताण आपोआप हलका होतो.

आता साहेबांच्या संथपणाबद्दल. मुलांना वाटतं त्यांना कॉम्प्युटरची भीती आहे. त्यांनी बँकेत पाय ठेवला त्याच्या थोडं आधीपासून काय चाललं होतं ते मुलांना सांग. १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाबाबत इंडियन बँक्स असोसिएशन आणि संघटनांमध्ये करार झाला, पाठोपाठ रंगराजन समितीचा अहवाल आला. तेव्हा ‘कॉम्प्युटर’ या शब्दालाच इतका विरोध होता की शाखांमध्ये आलेल्या यंत्राला ‘अॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’ म्हणायचे. त्या यंत्रावर बसायला पुढे आलेली पोरं म्हणजे आजचे हे साहेब. तेव्हाचे लेजरवाले त्यांनाही ‘यांना नीट बेरीज तरी येते का’ म्हणून हिणवायचे. लेजर, मग ते मशीन, मग सगळी शाखा संगणकावर, मग कोअर बँकिंग, अशी तीन स्थित्यंतरं या माणसाने नोकरीत असताना पचवली आहेत. त्याला नवीन स्क्रीनची भीती नाही.

भीती दुसरीच आहे. निवृत्तीच्या तोंडावर अधिकाऱ्यावर आरोपपत्र आलं तर चौकशी निवृत्तीनंतरही चालू राहू शकते, आणि ग्रॅच्युइटीसारखी देणी तोवर अडकतात. त्याच्याबरोबरच्या कुणाचं ना कुणाचं तसं झालेलं त्याने पाहिलेलं असतं. म्हणून शेवटच्या दोन वर्षांत माणूस प्रत्येक कागद दोनदा वाचतो. पंचविशीतल्या मुलाला हे दिसत नाही, कारण त्याच्या लेखी सही म्हणजे फक्त एक क्लिक. तू हे मुलांना एकेकट्याला सांग, साहेबांच्या समोर नको.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीने मला खरी काळजी लागली, तिच्याकडे येतो. तू सहज लिहिलंस, ‘गर्दी असली की साहेब पासवर्ड सांगून टाकतात, मुलंच मंजूर करून घेतात.’ ताई, हे उद्यापासून बंद. एकीकडे कागद दोनदा वाचणारा माणूस दुसरीकडे आपली चावीच देऊन टाकतो, याचं नवल वाटू देऊ नकोस. त्याच्या मनात कागद म्हणजे जबाबदारी आणि पासवर्ड म्हणजे कटकट. आणि प्रोबेशनवरचा मुलगा नाही म्हणू शकत नाही, कारण त्याच्या कायम होण्याच्या अहवालात साहेबांचं मत विचारलं जाणार हे त्याला माहीत आहे. वयाची आणि हुद्द्याची उतरंड इथे खरा घात करते. ‘साहेब’ म्हणायचं की ‘सर’ यावरून होते ती नुसती कुरबुर.

हे चाललंय की नाही ते अहवालांवरून कळतं. नोंद करणाऱ्याचा आणि मंजूर करणाऱ्याचा आयडी वेगळा, पण दोन्ही एकाच मशीनवरून आलेले. नोंद आणि मंजुरी यात चारदोन सेकंदांचं अंतर, म्हणजे कागद पाहिलाच गेलेला नाही. साहेब रजेवर किंवा तिजोरीत, आणि त्यांच्या आयडीवर त्याच वेळी व्यवहार. मागच्या महिन्यातले असे दिवस काढ आणि कुणालाही दोष न देता तो कागद साहेबांपुढे ठेव. उद्या यातली एक नोंद खोटी निघाली तर सिस्टीम फक्त तुमचं नाव सांगेल, एवढंच म्हण. निवृत्तीची काळजी असलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. मुलांना मात्र लेखी दे की दुसऱ्याचा आयडी वापरायला कुणीही सांगितलं तरी नकार द्यायचा आणि त्या नकाराचा परिणाम त्यांच्या अहवालावर होणार नाही. तोंडी सांगितलेलं त्यांच्या कामाचं नाही.

जुन्यांकडून मुलांनी काय घ्यावं, हेही तू विचारलंस. अनुभव वगैरे मोघम बोलू नकोस, एक काम नेमून दे. तुझ्या तिजोरीत कर्जाचे कागद आहेत. तारण नसलेल्या साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. कर्जदाराने मधे थकबाकी मान्य करून सही दिली तर तिथून नवी तीन वर्षं मोजतात, पण ती सही मुदत संपण्याआधी घेतलेली हवी. उलटून गेल्यावर घेतलेल्या नुसत्या कबुलीने मुदत पुन्हा जिवंत होत नाही. सिस्टीम याचा इशारा देते, पण तिच्यात भरलेल्या तारखेवरून. जुन्या कर्जांच्या तारखा घाईत चुकीच्या भरल्या गेल्या असतील तर इशारा उशिरा येतो किंवा येतच नाही. मूळ कागद कसा वाचायचा, सहीखालची तारीख कर्जदाराच्या हातची आहे की नंतर कुणी घातलेली, गावात त्या माणसाला कुठे गाठायचं, हे साहेबांना माहीत आहे. तारखांची यादी पाच मिनिटांत काढणं मुलाला जमतं. आठवड्यातून दोन दुपारी दोघांना एका टेबलावर बसव, एकाच्या हातात कागद आणि दुसऱ्यासमोर स्क्रीन. आदर ठेवा असं सांगावं लागणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. क्लार्कला जादा वेळेचा मोबदला मिळतो, अधिकाऱ्याला मिळत नाही, हे जुन्यांना ठाऊक असतं आणि मुलांना पहिल्या पगारात कळतं. ‘आम्ही नाही का बसलो रात्री दहापर्यंत’ हे उत्तर त्यांना पटणार नाही आणि पटूही नये. लेजर हाताने जुळवायचं होतं तेव्हा बसणं भाग होतं. आता बसायचं असेल तर कशासाठी ते नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची सुट्टी १ सप्टेंबर २०१५ पासून मिळाली तीही द्विपक्षीय करारातून, आणि तो करार याच जुन्या पिढीच्या संघटनांनी केला. कामाच्या तासांसाठी भांडणं हा मुलांचा नवा शोध नव्हे, याची साहेबांना अवश्य आठवण करून दे.

सहानंतर कुणाला थांबवायचं असेल तर तू चारच्या आत सांगायचं: कोण, कशासाठी, किती वाजेपर्यंत. बाकीच्यांनी जायचं. विभागीय कार्यालयाचे आकडे आळीपाळीने एकाने भरायचे, आणि त्या आळीत तुझंही नाव असू दे. तुझ्या नोंदीप्रमाणे पाचपैकी चार दिवस उशीर झाला तो या आकड्यांमुळे आणि राहिलेल्या मंजुऱ्यांमुळे, ग्राहकांमुळे नाही. त्यातलं आकड्यांचं दुखणं तुझ्या हातात पूर्ण नाही. वरून मेसेज येणारच. पण त्यासाठी अख्खी शाखा बसवून ठेवायची की एकच माणूस, हे तूच ठरवतेस.

एक लहानशी गोष्ट. काउंटरसमोर ग्राहक असताना तुझ्या तरुण अधिकाऱ्याने हेड कॅशिअरना ‘काका’ म्हणू नये, आणि त्यांनीही त्याला ‘अरे तू’ करू नये. आडनाव आणि साहेब, दोघांनीही. चहाच्या वेळी काय म्हणायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

आधी पासवर्डचं काम कर, मग मंजुरीच्या वेळा. पंधरा दिवस अशीच नोंद ठेव आणि मला पाठव. त्यानंतरही तट राहिलेच तर तुझी बैठक घे.

तुझा,
मामा