फांदीची लांबी

गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर पहिला पाऊस पडला की झुडपी बेडकांचे नर रात्रभर बोलत राहतात. आवाजावरून त्यांच्या प्रजाती ओळखता येतात, त्यामुळे बॅटरी आणि रेकॉर्डर घेऊन फिरणाऱ्या अभ्यासकाच्या यादीत ते लगेच जातात. त्याच पावसात पालापाचोळ्याखालच्या मातीत राहणारे देवगांडूळ मात्र काहीच बोलत नाही. ते गांडूळही नाही आणि सापही नाही; ते बेडकांचे पाय नसलेले लांबचे नातेवाईक आहे. कुदळीने माती उकरल्याशिवाय ते दिसत नाही, आणि दिसले तरी बहुतेकदा सापाचे पिल्लू समजून मारले जाते. याच डोंगररांगेवर दक्षिणेला, आंबोलीहून, देवगांडुळाची एक नवी प्रजाती २००३ मध्ये शास्त्रीय नोंदीत आली.

प्रजाती मोजण्याच्या रीतीत झुडपी बेडूक एक आणि देवगांडूळही एक. ऑस्ट्रेलियन जीवशास्त्रज्ञ डॅनियल फेथ यांनी १९९२ मध्ये यावर वेगळे माप सुचवले. एखाद्या जागी सापडणाऱ्या सगळ्या प्रजातींचा वंशवृक्ष काढायचा आणि त्यांना मुळाशी जोडणाऱ्या फांद्यांची लांबी, म्हणजे उत्क्रांतीची वर्षे, एकत्र मिळवायची. सामाईक फांदी एकदाच धरायची. या बेरजेला वंशवैविध्य म्हणू.

कल्पनेतल्या दोन जागा घेऊन हिशेब करून पाहू. वर्षांचे अंदाज अभ्यासागणिक बदलतात, म्हणून आकडे गोल धरतो. पहिल्या जागी पाच झुडपी बेडूक आहेत आणि ते एकमेकांपासून साधारण एक कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. बेडूक आणि देवगांडूळ यांचा समान पूर्वज तीस कोटी वर्षांपूर्वीचा मानला, तर पाचही बेडकांची सामाईक फांदी एकोणतीस कोटींची आणि प्रत्येकाचे स्वतःचे टोक एक कोटीचे. बेरीज चौतीस कोटी. दुसऱ्या जागी तीनच प्राणी आहेत: एक झुडपी बेडूक, एक इंदिराना बेडूक आणि एक देवगांडूळ. देवगांडुळाची एकट्याची फांदी तीस कोटींची. दोन्ही बेडकांची सामाईक फांदी तेवीस कोटींची आणि पुढे प्रत्येकाची सात कोटींची. बेरीज सदुसष्ट. प्रजाती दोनने कमी, पण इतिहास जवळजवळ दुप्पट. पहिल्या जागचा एक झुडपी बेडूक गेला तर एक कोटी वर्षांची फांदी तुटते. दुसऱ्या जागचे देवगांडूळ गेले तर तीस कोटींची.

इंदिराना मी मुद्दाम घेतला. त्याचे कुळ भारताबाहेर कुठेच नाही, आणि त्याची पिल्ले डबक्यात न वाढता ओल्या कातळावर सरपटत वाढतात. आंबोलीहून २०१४ मध्ये वर्णन झालेल्या त्याच्या एका प्रजातीला चिरावासी हे नाव मिळाले, कारण ती खडकाच्या चिरांत राहते. आपल्याच भाषेतला शब्द शास्त्रीय नावात गेला, याचे मला अप्रूप वाटते.

इथला खडक जुना नाही, हेही लक्षात घ्यायला हवे. गगनबावडा ज्या बसाल्टवर उभा आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून वाहिला. त्या आगीत इथे काय टिकले असणार? देवगांडुळांचा वंश या डोंगराहून कितीतरी जुना आहे, आणि आंबोलीच्या प्रजातीच्या गटाचे सगेसोयरे आज सेशेल्स बेटांवर आहेत. म्हणजे फांदीची लांबी वंशाचे वय सांगते, जागेचे नाही. जागेचे महत्त्व ठरवताना ती फांदी आणखी कुठे कुठे जिवंत आहे, हे विचारावे लागते. देवगांडूळ कोयनेपासून आंबोलीपर्यंत टिकून असेल, तर एका उतारावर ते संपले म्हणून तीस कोटी वर्षे संपत नाहीत. देवगांडुळांचा सारा वंशच एका उतारावर उरला असेल, तरच संपतात.

हे माप आंधळेपणाने वापरले तर गगनबावड्याचेच नुकसान होईल. सड्यांवर फुलणारे गेंद आणि कंदीलपुष्पे यांच्या कित्येक प्रजाती जवळच्या नात्यातल्या आहेत, म्हणून वंशवैविध्याच्या बेरजेत त्या फारशी भर घालत नाहीत. त्यांतल्या काही मोजक्या सड्यांपलीकडे जगात नाहीत, आणि शेजारच्या शाहूवाडी-राधानगरीत अशाच सड्यांच्या जांभ्याखालचे बॉक्साइट खणले गेले आहे. म्हणून फांदीची लांबी आणि तिच्या अधिवासाचे क्षेत्र एकत्र धरणारे मापच मला इथे योग्य वाटते: लांब फांदी जितक्या थोड्या जागेत उरली, तितका त्या जागेचा वाटा मोठा. सड्यावरच्या छोट्या फांद्यांनाही त्यात न्याय मिळतो, कारण त्यांची जागा अगदी थोडी आहे. लांब फांदी वाचवली की परिसंस्थेतली सगळी कामे आपोआप वाचतात, असे मात्र गृहीत धरू नये. २०१८ मधल्या एका मोठ्या अभ्यासात अशी निवड प्राण्यांच्या गुणवैविध्याबाबत नुसत्या चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडीपेक्षा सरासरीने सरस ठरली, पण एकतृतीयांशाहून अधिक वेळा ती तिच्यापेक्षाही कमी पडली.

तरी एका बाबतीत हे माप प्रजातींच्या संख्येपेक्षा निश्चित भक्कम आहे. डीएनए तपासून शास्त्रज्ञ एका बेडकाचे तीन करतात, तेव्हा यादीत त्याची मोजणी तिप्पट होते आणि जंगलात मात्र काहीच बदललेले नसते. वंशवृक्षात एका टोकाची तीन आखूड टोके होतात, बेरीज थोडीशीच वाढते.

गगनबावड्याचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आता संवर्धन राखीव आहे. राधानगरी आणि चांदोली यांच्यामधला वाघांचा मार्ग हे त्यामागचे ठळक कारण, आणि ते रास्तच आहे. पण वाघाला चालायला झाडोरा पुरतो. देवगांडुळाला न खणलेली, सावलीतली, ओली माती लागते. त्या राखीव क्षेत्राची जैविक यादी होईल तेव्हा रात्रीच्या आवाजांच्या नोंदीबरोबर ठरलेल्या चौकटींत माती उकरून पाहण्याचे आणि ती पुन्हा नीट झाकण्याचे कामही त्यात असले पाहिजे. ते झाले नाही, तर हिशेबातली सर्वांत लांब फांदी शून्य म्हणून लिहिली जाईल.