असे नव्हे, मग कसे?

वाचकहो, मन लावून केलेले काम कोणी हाती घ्यावे आणि ‘असे नव्हे’ एवढेच म्हणून परत करावे, हा अनुभव आपणांसही आला असेल. अशा वेळी माणूस अंदाजाने काहीतरी बदलून पाहतो. मीही तेच केले.

आमच्या मोहल्ल्यातील एका वृद्धांचा इंतिकाल झाला. आपल्या शहराच्या हिमरू कापडात त्यांची हयात गेली होती. मराठी वर्तमानपत्रात द्यावयाचा मजकूर त्यांच्या मुलाने माझ्याकडून लिहून घेतला. वाचून तो म्हणाला, “असं नाही, मौलाना.” मजकूर लांबला असावा, असे समजून मी तो निम्मा केला. पुन्हा तेच उत्तर. मग भाषा जड वाटली असेल म्हणून ती सोपी केली. या वेळी तो काहीच बोलला नाही. कागद मात्र त्याने उचलला नाही.

तेव्हा मला सहीह बुखारीतील एक प्रसंग आठवला. एका माणसाने मशिदीत येऊन नमाज अदा केली आणि प्रेषितांना (स.) सलाम केला. सलामाचे उत्तर देऊन त्यांनी, तुझी नमाज झाली नाही, परत अदा कर, असे सांगितले. असे तीनदा झाले. अखेर तो म्हणाला की, मला याहून चांगली येत नाही, आपण शिकवा. मग प्रेषितांनी (स.) तकबीरपासून एकेक कृती सांगितली आणि रुकूत, सजद्यात, बैठकीत शरीर स्थिरावेपर्यंत थांबण्यास सांगितले. उणीव स्थिरतेची होती, हे त्यावरून कळते. कारण उमगले नसताना त्याने कितीही वेळा नमाज अदा केली असती, तरी घाई तशीच राहिली असती. माझ्या दोन्ही दुरुस्त्यांतही मूळ चूक अशीच राहिली असणार.

तो माणूस ‘शिकवा’ म्हणू शकला. येथे मात्र इमामाची चूक काढावी कशी, हा मुलाचा संकोच होता. ‘काय चुकले?’ हा प्रश्नच त्याला अवघड. म्हणून मी पहिला मजकूर मोठ्याने वाचू लागलो. ‘प्रतिष्ठित व्यापारी’ या शब्दांवर त्याची मान खाली गेली. हे शब्द तिन्ही मसुद्यांत कायम होते!

“एवढे दोन शब्द काढले तर?” मी विचारले.

“अब्बा व्यापारी नव्हते. दुसऱ्याच्या मागावर मजुरीनं विणायचे. तुम्ही मान देऊन लिहिलंत, मी कसं सांगणार?”

लांबी ठीक होती, भाषाही. खोटी होती ती माहिती, तीही मृताच्या नावावर, आणि ती मी न विचारता घातली होती. मी ‘हिमरू विणणारे कारागीर’ असे लिहिले. मग त्याने आपणहून एक मागणी केली: फजरला अब्बा पायी जात, हे मी काटछाटीत गाळलेले वाक्य परत हवे होते.

या वेळी कागदाची नीट घडी घालून त्याने तो खिशात ठेवला.