बंद घरांवरची गटचर्चा

नोकरीच्या निवडीत बऱ्याच ठिकाणी मुलाखतीच्या आधी गटचर्चेची फेरी असते. आठ-दहा उमेदवारांना गोलाकार बसवतात, एखाद्या सामाजिक विषयावरचा अर्ध्या पानाचा लेख हातात देतात, वाचायला पाचेक मिनिटं देतात आणि मग पंधरा मिनिटं आपसात बोलायला सांगतात. परीक्षक बाजूला बसून टिपणं काढतात, मधे पडत नाहीत. दहा जणांत पंधरा मिनिटं वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. त्या दीड मिनिटात काय बोलायचं, याची तयारी रत्नागिरीतली मुलंमुली मन लावून करतात. पण सरावासाठी त्यांच्यासमोर जे प्रश्न ठेवले जातात, ते पाहून वाईट वाटतं. ‘स्थलांतर : शाप की वरदान?’ हा त्यांतला नेहमीचा.

हा प्रश्न वाईट आहे, कारण तो ऐकताच गटाचे दोन तुकडे पडतात. निम्मे शाप म्हणतात, निम्मे वरदान म्हणतात, आणि तिसऱ्या मिनिटाला दोन्ही बाजूंचे मुद्दे संपतात. पुढची बारा मिनिटं तेच मुद्दे चढत्या आवाजात फिरत राहतात. शेवटी कोणीतरी ‘नाण्याला दोन बाजू असतात’ म्हणतं आणि सगळे सुटल्यासारखे मान हलवतात. असा सराव महिनाभर केला तरी मुलाला लेख वाचता येत नाही. त्याला फक्त बाजू घेता येते.

मग प्रश्न कसा बांधावा? एक छोटा लेख घेऊ. तो सरावासाठी मीच लिहिला आहे, आणि त्यात काही जागा मुद्दाम सैल ठेवल्या आहेत.

‘रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांवर वर्षाचा बहुतेक काळ घरांना कुलूप असतं. गणपतीला आणि शिमग्याला ती उघडतात. 2001 साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16 लाख 97 हजार होती, 2011 साली ती 16 लाख 15 हजारांवर आली. इथे काम नाही, म्हणून तरुण मुंबई-पुण्याला जातात. एक गोष्ट मात्र अभिमानाची आहे. राज्यात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया असताना रत्नागिरीत त्या 1122 आहेत. मुलीच्या जन्माचं स्वागत करणारा हा जिल्हा आहे.’

यातले आकडे जनगणनेचे आहेत आणि ते बरोबर आहेत. त्यांवरून काढलेलं शेवटचं वाक्य चूक आहे. सरावाचा पहिला प्रश्न इथूनच निघतो : ‘1122 या आकड्यावरून मुलीच्या जन्माबद्दल काही सांगता येतं का?’

हा प्रश्न गटासमोर ठेवला की पहिल्यांदा शांतता पसरते, आणि ती चांगली खूण आहे. मग एखादी मुलगी सांगते, की आमच्या वाडीत पुरुष दिसतातच कुठे, सगळे मुंबईला. तिने नकळत आकड्याचा अर्थ लावलेला असतो. 2011 साली जिल्ह्यात पुरुषांपेक्षा स्त्रिया सुमारे 93 हजारांनी जास्त होत्या. त्याचं मुख्य कारण जास्त मुली जन्मल्या हे नाही, कमावते पुरुष मोजणीच्या वेळी जिल्ह्याबाहेर होते हे आहे. मुलींच्या जन्माचा अंदाज घ्यायचा तर सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्रमाण पाहावं लागतं, आणि तिथे रत्नागिरीतही हजार मुलग्यांमागे मुली हजारापेक्षा स्पष्टपणे कमीच आहेत. एकाच जिल्ह्यात एक प्रमाण हजाराच्या बरंच वर आणि दुसरं हजाराच्या खाली, हे ज्याच्या लक्षात आलं त्याला ‘अभिमानाची गोष्ट’ हे शब्द बोचायला लागतात. गटचर्चेत परीक्षक ज्याची वाट पाहत असतात, तो क्षण हा असतो. दिलेल्या कागदावरची माहिती न नाकारता तिच्यावरचा निष्कर्ष कोणीतरी शांतपणे बाजूला ठेवतं.

दुसरा प्रश्न मला याहूनही आवडतो. 2001 साली हेच प्रमाण 1136 होतं, दहा वर्षांनी 1122 झालं. ‘हा आकडा खाली आला, ही चांगली बातमी आहे का?’

इथे घाईने ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणारा फसतो, कारण आकडा खाली येण्याच्या वाटा अनेक आहेत. पुरुष परत आले असतील. 1982च्या गिरणी संपानंतर कोकणातल्या अनेक कामगारांचे संसार मुंबईत विस्कटले, पुढे निवृत्तीच्या वयात काही जण गावी येऊन राहिले, ही गोष्ट इथल्या घराघरांत माहीत आहे. किंवा आता बायकाही जात असतील. पूर्वी एकटा पुरुष खोलीवर राहायचा आणि मनीऑर्डर यायची. आता बायको, मुलं सगळंच बिऱ्हाड विरारला किंवा दिव्याला जातं. किंवा मुली कमी जन्मत असतील. तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असू शकतात.

मग गटाने काय करायचं? हातातल्या त्याच लेखात परत बघायचं. लोकसंख्या 82 हजारांनी कमी झाली आहे, हे तिथेच लिहिलं आहे. नुसते पुरुष परतले असते, तर माणसं वाढायला हवी होती. म्हणजे पहिलं स्पष्टीकरण एकटं उभं राहत नाही. अख्खी बिऱ्हाडं जात आहेत हे दुसरं स्पष्टीकरण दोन्ही आकड्यांशी जुळतं, पण तेवढ्यावरून ते सिद्धही होत नाही. वयानुसार आकडे पाहिल्याशिवाय पक्कं बोलता येणार नाही, आणि तसं म्हणणं हाही चर्चेतला चांगला मुद्दा आहे. ‘आपल्याकडे एवढी माहिती आहे, तेवढ्यावरून इथपर्यंत जाता येतं, पुढे जायला अमुक आकडा लागेल,’ असं जो उमेदवार म्हणतो, तो दीड मिनिटातली वीस सेकंदं खर्च करून गटाला फिरत्या चर्चेतून बाहेर काढतो.

या प्रश्नाचा एक गुण असा, की तो एकट्याने सुटत नाही. गिरणीची गोष्ट एखाद्याच्या आजोबांकडून आलेली असते, दिव्याच्या खोलीची गोष्ट दुसरीच्या मामीकडून, आणि वजाबाकी तिसऱ्याला जमते. गटचर्चा घेण्याचं कारणच ते आहे. लेखी परीक्षेत न दिसणारी गोष्ट, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून त्यावर आपलं रचणं, तिथे बघायची असते. ज्या प्रश्नाला प्रत्येकाने आपापलं भाषण देऊन भागतं, तो सरावाला घेऊ नये.

घरच्या गोष्टींबद्दल एक सांगायला हवं. आपल्या मुलांना घरचं उदाहरण देण्याची लाज वाटते. पुस्तकी वाक्य म्हणजे हुशारी, असा त्यांचा समज असतो. ज्या मुलीच्या स्वतःच्या घराला दहा महिने कुलूप असतं, तीच ‘ग्रामीण भागातून शहरांकडे होणाऱ्या स्थलांतराच्या समस्येबाबत’ अशी सुरुवात करते. तिला आधी दोन वाक्यांत घरचं सांगू द्यावं आणि लगेच तिसऱ्या वाक्यात विचारावं, की हे तुझ्याच घरी आहे की वाडीतल्या निम्म्या घरांत? उदाहरण तिथून पुराव्याकडे सरकतं. तिसरं वाक्य आलं नाही, तर मात्र ती आठवण होऊन बसते आणि गटाचा वेळ जातो. ही सवय सरावातच लागते.

तिसरा प्रश्न लेखातल्या एका बिनधास्त विधानावर आहे : ‘इथे काम नाही.’ रत्नागिरीत राहणाऱ्या कोणीही जरा आजूबाजूला बघावं. हापूसच्या बागांत राखणीला, फवारणीला, काढणीला नेपाळहून आलेली माणसं असतात. मासेमारीच्या नौकांवर खलाशी म्हणूनही ती दिसतात. म्हणून प्रश्न असा : ‘काम नाही म्हणून आपण जातो, तर नेपाळहून माणसं कोणत्या कामाला येतात?’

हा प्रश्न विचारताना जपावं लागतं, कारण चर्चा ‘बाहेरचे’ विरुद्ध ‘आपले’ अशी घसरू शकते. ती घसरायला लागली, की तिला कामाच्या स्वरूपाकडे वळवावं. बागेतलं काम हंगामी आहे, राहणं बागेतच, मजुरी आहे पण पुढची पायरी नाही. पदवी घेतलेल्या मुलाला हवं असलेलं काम आणि इथे उपलब्ध असलेलं काम यांत अंतर आहे. हे अंतर मांडता आलं, की ‘काम नाही’ या चार अक्षरांतून नेमकं काय नाही ते कळतं. त्याला जोडून जमिनीचा मुद्दा येतो. सातबारावर दहा-पंधरा नावं, त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, वारसनोंद झालेली नाही. ज्याला परत येऊन काही करायचं आहे, त्याला त्या जमिनीवर कर्ज काढणं अवघड आणि घर दुरुस्त करायलाही भावकीची संमती हवी. बंद घराचं कुलूप कधीकधी सामाईक मालकीचं असतं. हा मुद्दा गटात बहुतेकदा सगळ्यांत उशिरा येतो, कारण तो कोणत्याच तयार मुद्द्यांच्या यादीत नसतो.

मर्यादाही सांगून ठेवायला हवी. 2021 साली व्हायची जनगणना लांबली, त्यामुळे सरावाला 2011चेच आकडे घ्यावे लागतात. उमेदवाराने आकडा सांगताना वर्ष सोबत सांगावं. ‘रत्नागिरीची लोकसंख्या घटते आहे’ आणि ‘2001 ते 2011 या काळात ती घटली’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं विधान करणाऱ्याला समोरचा एका वाक्यात अडवू शकतो.

सराव घेणाऱ्या शिक्षकांना आणि आपापसात सराव करणाऱ्या गटांना माझी विनंती आहे. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत तालुकावार आकडे असतात. आधी मंडणगडचे घ्या, मग रत्नागिरी तालुक्याचे, दोन्ही शेजारी ठेवून सात-आठ ओळींचा लेख लिहा आणि त्यावरचा पहिला प्रश्न मुलांनाच बांधायला सांगा. ज्या प्रश्नावर पाचव्या मिनिटाला गट दोन बाजूंत विभागला नसेल, तो पुढच्या आठवड्यासाठी जपून ठेवा.