माफीतला ‘पण’

सहीह बुखारीत एक प्रसंग आला आहे. ह. अबू बकर (रजि.) व ह. उमर (रजि.) यांच्यात बोलाचाली झाली. उतावीळपणे आपण उमर यांना दुखावले, याचा अबू बकर यांना पश्चात्ताप झाला. त्यांनी क्षमा मागितली. उमर यांनी ती नाकारली. पुढे उमर यांनाही खंत वाटली व ते प्रेषितांकडे (स.) आले. प्रेषितांच्या चेहऱ्यावर नाराजी दिसताच अबू बकर गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले की, अधिक चूक माझीच होती.

वाचकहो, पारडे आपल्या बाजूने झुकले असतानाही त्यांनी स्वतःचा दोष झाकला नाही. आपण मात्र सुनेला चारचौघांत ‘माहेरी हेच शिकलीस का?’ असे सुनावतो आणि नंतर एकांतात पुटपुटतो, ‘चुकलं माझं, पण तूही उलट बोललीस.’ हा ‘पण’ दिलेली माफी परत घेतो.

त्याऐवजी नेमका शब्द उच्चारावा : ‘तुझ्या माहेराबद्दल मी बोलले, तो अन्याय होता.’ तेही त्याच चौघांसमोर, कारण तिची अब्रू तिथेच दुखावली. मग उत्तरासाठी तगादा लावू नये. तौबा अल्लाहकडे करावीच. पण माणसाचा हक्क त्या माणसाकडेच फेडावा लागतो, आणि क्षमा केव्हा करायची हे त्याने ठरवायचे असते.